रजेचा अर्ज आणि बाँडचा कागद

(वस्तीतल्या वाचनालयात नोकरी करून शिकणाऱ्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, थोडं नीट करून.)

मला इथं बोलावतात ते कविता वाचायला. आज कविता आणलेली नाही. आज एक कागद आणलाय. पाचशेच्या स्टँपपेपरवर टाईप केलेला, पान साडेतीन. आपल्यातल्याच एका ताईचा आहे. ती मागं बसलीय, नाव घेत नाही. एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मदतनीस आहे. सहा वर्षं बाटल्या धुतल्या, नमुने इकडून तिकडं नेले. आता मालक म्हणतात, टेक्निशियनचा एक वर्षाचा कोर्स कर, फी साठ हजार आम्ही भरतो, रजा बिनपगारी देतो. फक्त यावर सही कर. सोमवारपर्यंत.

सोमवारला चार दिवस आहेत. म्हणून आजचं बोलणं या कागदाचं. पण कागदापर्यंत जायच्या आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. कारण ताईला मिळाला तसा कागदसुद्धा मला मिळाला नव्हता. मी तोंडी रजा मागितली होती.

मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत काम करतो. स्टीलच्या कॉईल उतरवायच्या, लाकडाचे ठोकळे मारायचे, साखळ्या आवळायच्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. पहिल्या वर्षाचे पेपर आले. मी मुकादमाला म्हणालो, "मामा, मंगळवारी आणि शुक्रवारी पेपर आहे, पाळी बदलून द्या." मामा म्हणाला, "बघू." दोस्तांनो, हे 'बघू' फार वाईट. त्याची तारीख नसते, त्यावर सही नसते. सोमवारी रात्री बोट लागली आणि मामा म्हणाला, "उद्या कुणी हलायचं नाही." मी हललो. पेपर दिला. बुधवारी गेलो तर हाजरी बंद. कारण विचारलं तर म्हणे, न सांगता गैरहजर. मी सांगितलं होतं. पण सांगितल्याचा पुरावा काय? हवा. शुक्रवारचा पेपर मी घाबरून दिलाच नाही.

त्या दिवशी वाटलं, साला, आपल्यावर अन्याय झाला. झालाच. पण नंतर कायद्याची पुस्तकं चाळली, युनियनच्या म्हाताऱ्या लोकांना विचारलं, तेव्हा कळलं की मी मागितली ती रजा कुठल्या कायद्यात बसते हेच मला ठाऊक नव्हतं. ज्याला आपण 'परीक्षा रजा' म्हणतो, त्या नावाची रजा कंत्राटी कामगाराला देणारा एकही कायदा या देशात नाही. १९७४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिक्षणासाठी पगारी रजेचा करार केला, त्याचा नंबर १४०. भारतानं तो आजवर मान्य केलेला नाही. म्हणजे परीक्षा रजा ही कंपनीच्या स्थायी आदेशात किंवा युनियनच्या करारात असेल तर असते. नसेल तर नसते.

मग आपल्या हातात काय? हातात साधी पगारी रजा आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गोदीचं काम तिच्यात येतं. त्या संहितेप्रमाणं कॅलेंडरच्या वर्षात १८० दिवस काम भरलं की दर २० दिवसांच्या कामामागं एक दिवस पगारी रजा. आधी कारखाने कायद्यात ही अट २४० दिवसांची होती, आता कमी झाली. हिशेब मांडा. वर्षात २४० हाजऱ्या भरल्या तर १२ दिवस. सहा पेपर असतील तर सहा दिवस पेपरचे, सहा उरतात. म्हणजे परीक्षा रजा नावाची चीज नसली तरी परीक्षेपुरते दिवस आपल्याच घामाच्या खात्यात जमा असतात. फक्त ते मागावे लागतात, आणि कागदावर मागावे लागतात.

आणि यात एक चांगली गोष्ट आहे ती लक्षात ठेवा. अर्ज करून नाकारलेली रजा बुडत नाही. शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेण्याला ३० दिवसांची मर्यादा आहे, पण मागून नाकारलेली रजा त्या मर्यादेबाहेर पुढं जाते. पण 'मागितली होती' हे दिसणार कशावरून? अर्जावरून. माझ्या तोंडी मागणीची रजा कुठंच जमा झाली नाही.

म्हणून आता मी असं करतो. विद्यापीठाचं वेळापत्रक हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्ज. जुन्या कायद्यात पंधरा दिवस आधी अर्जाची अट होती, मी तीच सवय धरलीय. अर्जात नुसतं 'परीक्षेसाठी रजा मिळावी' असं लिहित नाही. लिहितो, की अमुक तारखेला अमुक वेळात पेपर आहे, केंद्र अमुक ठिकाणी आहे, वेळापत्रक आणि हॉलतिकिटाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आणि पुढं लिहितो, की रजा देणं शक्य नसेल तर त्या दिवशी दुसरी किंवा तिसरी पाळी द्यावी. पाळी बदलून मागितली की मालकाला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. अर्ज दोन प्रतींत. एका प्रतीवर तारखेसह पोच. मुकादम पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं कंत्राटदाराच्या ऑफिसला. तिची पावती हाजरीच्या चिठ्ठ्यांबरोबर जपायची, कारण १८० हाजऱ्या भरल्याचं सिद्ध करायची पाळी आपल्यावरच येते. कंत्राटदार मधेच नाव बदलतो, नवीन कार्ड देतो, त्याचंही कारण बरेचदा हेच असतं.

आणि तरी नाही म्हणाले तर? कायदा इथं मालकाच्या बाजूनं थोडा झुकतो, हे खोटं कशाला सांगू. बोट लागली, माणसं कमी, अशा खऱ्या कारणासाठी तारीख नाकारता येते. मग पेपरला जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. गेलात तर त्या दिवसाचा पगार कापता येतो. तेवढाच. गैरहजेरीची कपात गैरहजर दिवसांच्या प्रमाणातच करायची असते. एका पेपरला आठवड्याची हाजरी मारली, तर ती कायद्यात बसत नाही. मात्र शिस्तभंगाची नोटीस येऊ शकते, आणि त्या नोटिशीला उत्तर म्हणून तुमच्याकडे पोच असलेला अर्ज हवा. माझ्याकडे नव्हता.

आता सरकारी खात्यातले मित्र. इथं चार-पाच जण केंद्र सरकारच्या ऑफिसात आहेत, कुणी शिपाई, कुणी क्लार्क. तुमच्याकडे खरी 'अध्ययन रजा' आहे. १९७२ चे केंद्रीय नागरी सेवा रजा नियम. पण त्याच नियमांतल्या सातव्या नियमाचं पहिलं वाक्य काय? रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाच्या निकडीसाठी साहेब ती नाकारू शकतो, दिलेली परतही बोलावू शकतो. पण त्याच सातव्या नियमात दुसरीकडं साहेबाचेही हात बांधलेत. तुम्ही जी रजा मागितली आणि जी तुम्हाला देय आहे, तिचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय त्याला बदलता येत नाही. तुम्ही अर्जित रजा मागायची आणि त्यानं बिनपगारी करून टाकायची, हे चालत नाही. नाकारायची तर नाकार, पण माझ्या रजेचं नाव बदलू नकोस, असं त्याला लिहून विचारता येतं.

अध्ययन रजेच्या अटी साध्या आहेत. नोकरीची पाच वर्षं समाधानकारक भरलेली पाहिजेत. परत आल्यावर निवृत्तीला किमान तीन वर्षं उरलेली पाहिजेत. अभ्यास तुमच्या कामाशी जवळचा असावा, किंवा कामाशी थेट नसला तरी सरकारी नोकर म्हणून तुमची कुवत वाढवणारा असावा. साधारणपणे एका वेळी १२ महिने, सगळ्या नोकरीत मिळून २४ महिने. देशातच शिकत असाल तर रजेवर जाण्याआधीचा पगार चालू राहतो, महागाई भत्ताही मिळतो. ही रजा तुमच्या अर्जित रजेच्या खात्यातून कापली जात नाही. एवढं सगळं दिल्यावर सरकार एक बाँड घेतं: परत येऊन तीन वर्षं नोकरी करीन.

ही अट कायदेशीर आहे. यात लबाडी नाही. वर्षभर पगार घेऊन शिकलात, तीन वर्षं राबून द्या. पण या बाँडचा दात कुठं आहे तो बघा, कारण आपले लोक तिथंच फसतात.

समजा आपला एक मित्र क्लार्क आहे. पगार आणि भत्ते मिळून महिन्याला चाळीस हजार. बारा महिने अध्ययन रजा घेतली. सरकारनं त्याला ४,८०,००० रुपये दिले. परत आला, वीस महिने काम केलं, आणि एका खाजगी कंपनीची ऑफर आली म्हणून राजीनामा दिला. त्याला वाटतं, छत्तीस महिन्यांपैकी वीस भरले, सोळा राहिले, तेवढ्याचे पैसे द्यावे लागतील. नाही. नियम ६३ सांगतो, तीन वर्षांच्या आत गेलास तर प्रत्यक्ष दिलेली सगळी रक्कम परत, आणि मागणी केल्या तारखेपासून सरकारी कर्जाच्या दरानं व्याज. सोळा महिन्यांचे २,१३,००० नव्हेत, पुरे ४,८०,०००. चौतिसाव्या महिन्यात गेला तरी तेवढेच. आणि आधी पैसे भरायचे, मग राजीनामा मंजूर. अभ्यासक्रम अर्धवट सोडला, प्रमाणपत्र दाखल करता आलं नाही, तरी हाच नियम. सरकारला ही रक्कम माफ करायचा किंवा कमी करायचा अधिकार आहे, पण तो सरकारचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही. दुसऱ्या सरकारी खात्यात जायचं असेल तर परवानगी घेऊन, वरिष्ठांच्या मार्फत अर्ज करून जा. तेव्हा साधारणपणे पैसे वसूल न करता उरलेलं बंधन नव्या खात्यात नेतात. चोरून अर्ज केला की तो रस्ता बंद.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी ओळही त्या नियमांत आहे. नियम ३२. अनुसूचित जाती-जमातीचा कर्मचारी सरकारनं ठरवलेल्या केंद्रात परीक्षापूर्व प्रशिक्षणाला जात असेल, तर खातेप्रमुख नेहमीच्या मर्यादा शिथिल करून असाधारण रजा देऊ शकतो. पगार नाही, पण नोकरी राहते. किती ऑफिसांत ही ओळ कुणाला ठाऊक आहे? अर्जात नियमाचा नंबर घालून मागा. नंबर घातला की साहेब फाईल उघडतो.

आता ताईचा कागद.

खाजगी हॉस्पिटलला सरकारी रजा नियम लागू नाहीत. तिथं मालक आणि ताई यांच्यातला करार म्हणजेच नियम. आणि करारावर देखरेख १८७२ च्या भारतीय करार कायद्याची. मी एकेक कलम वाचतो.

पहिलं. 'कोर्स झाल्यावर पाच वर्षं नोकरी करीन, मधे सोडल्यास पाच लाख रुपये देईन.'

वर्षं ठरवणं मालकाला चालतं. ज्यानं पैसे घातले त्यानं काही काळ सेवा मागणं बेकायदा नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तसंच म्हटलं. तिथं अध्ययन रजा नव्हती, भरतीच्या वेळचाच बाँड होता: तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख. अधिकाऱ्यानं मुदतीआधी राजीनामा दिला, दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि कोर्टात गेला. न्यायालय म्हणालं, नोकरी चालू असताना घातलेलं हे बंधन आहे, नोकरी सुटल्यावरचं नाही. म्हणून ते व्यवसायावरची बंदी होत नाही. सार्वजनिक बँकेला पुन्हा भरतीचा खर्च येतो, दोन लाख जास्त नाहीत. बाँड कायम. तेव्हा 'बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात उडतो' असं सांगणाऱ्या शहाण्यांचं ऐकू नका.

पण पाच लाख? इथं करार कायद्याचं कलम ७४ येतं. करार मोडला तर लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई जेवढी, तेवढीच मिळते. दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०११ मध्ये एक प्रकरण आलं होतं. कंपनीनं कामगाराला प्रशिक्षण दिलं, तीन वर्षांचा बाँड, मोडला तर दोन लाख. तो दोन वर्षं राहिला आणि गेला. कंपनी म्हणे दोन लाख द्या. कोर्टानं विचारलं, खर्च किती केला? ६७,५९५ रुपये. तीनपैकी दोन वर्षं त्यानं भरून दिली, एक उरलं, म्हणून एक तृतीयांश. २२,५३२ रुपये. एवढेच.

ताईला हेच माप लावा. मालकाचा खर्च साठ हजार फी. रजा बिनपगारी, म्हणजे पगाराचा एक पैसा त्यानं घातलेला नाही. साठ हजारासाठी पाच वर्षं आणि पाच लाख? सरकार वर्षभर पगार देऊन तीन वर्षं मागतं, आणि हा मालक पगार न देता पाच मागतो. ताईनं लिहायचं: तीन वर्षं, आणि रक्कम प्रत्यक्ष भरलेल्या फीपुरती, दर महिन्याच्या नोकरीनं कमी होत जाणारी. साठ हजार भागिले छत्तीस, म्हणजे महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये फिटले. दोन वर्षांनी गेली तर वीस हजार देणं. हे वाक्य सहीच्या आधी कागदावर आलं पाहिजे. सहीनंतर कोर्टात मिळेलही, पण कोर्टात जायला रजा कोण देणार?

दुसरं कलम. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं मुंबईतल्या कोणत्याही लॅबमध्ये काम करणार नाही.' हे कलम २७ मध्ये सापडतं. नोकरी सुटल्यानंतर माणसाच्या पोटावर घातलेली अशी बंदी रद्दबातल असते. ही ओळ खोडायला सांगा. खोडली नाही तरी तिचं भय धरू नका.

तिसरं. 'दहावी, बारावीची मूळ मार्कशीट आणि जातीचा दाखला मुदत संपेपर्यंत हॉस्पिटलकडे जमा राहील.' हे बघा, दोस्तांनो. हा कागद नव्हे, ही वेठ आहे. दाखला अडकला की पोरगी दुसरीकडं अर्ज करू शकत नाही, शिष्यवृत्ती मागू शकत नाही, परीक्षेचा फॉर्म भरू शकत नाही. मूळ दाखले तारण म्हणून ठेवायचा अधिकार मालकाला कुठल्याही रजा नियमानं दिलेला नाही. पडताळणीसाठी मूळ दाखवा, झेरॉक्स द्या, तिथंच मूळ परत घ्या.

चौथं. सही केलेला कोरा चेक. कधीच नाही. कोऱ्या चेकवर आकडा भरायचा अधिकार आपण सहीनं दिलेला असतो, आणि तो वटला नाही की फौजदारी खटला उभा राहतो. ज्या वादात कोर्टानं वीस हजार ठरवले असते, तिथं पाच लाखांचा चेक घेऊन पोलीस दारात. द्यायचाच असेल तर आकडा, तारीख, कारण सगळं लिहून, आणि करारात चेकचा नंबर घालून.

आणखी एक सांगतो, कारण ताईच्या आईनं मला विचारलं: "बाँड मोडला तर पोरीला धरून कामावर नेतील का रे?" नाही, मावशी. अशा करारात न्यायालय पैसे द्यायला लावू शकतं. नको असलेल्या मालकाकडं माणसाला राबायला लावू शकत नाही. ते दिवस गेले असं कायदा म्हणतो, आपण त्याला तसं वागायला लावायचं.

आता कागदात जे लिहिलेलं नाही ते. मी साडेतीन पानं तीनदा वाचली. ताईनं काय काय करायचं ते सगळं आहे. परत आल्यावर मालक तिला काय देणार, हे कुठंच नाही. टेक्निशियनची जागा देणार का? कोणत्या पगारावर? की पुन्हा बाटल्याच धुवायच्या? रजेचं वर्ष सलग नोकरीत धरणार का? परीक्षेत एक विषय राहिला तर पुन्हा बसायला दिवस देणार का, की लगेच पाच लाख? एक शब्द नाही. एका बाजूनं पाच वर्षं बांधून घेतलंय आणि दुसरी बाजू मोकळी.

दोस्तांनो, बाँडची ही गोष्ट आपल्या घरातलीच आहे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. त्यांनीही करारावर सही केली होती: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून ते परत आले. विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली होती, तेवढा धागा हातात. करार पाळायला ते बडोद्याला गेले. आणि बडोद्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, ऑफिसात शिपाई लांबून फायली फेकायचे. कराराची एक बाजू जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकून आलेली, हजर. दुसऱ्या बाजूकडं त्या माणसाला बसायला जागा नाही. नोकरी सुटली. नंतर संस्थानानं पैशाचा तगादा लावला. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० ला पुन्हा लंडन गाठलं आणि अर्धा राहिलेला अभ्यास पुरा केला.

मी हे रडायला सांगत नाही. बाँड वाचायचा कसा, हे यातून मला कळलं म्हणून सांगतो. बांधून घेणारा आपल्याला बसायची जागा देतो का, हे आधी बघायचं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं कलकत्त्याच्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीच्या प्रकरणात सांगितलं, की ज्याच्यापुढं दुसरा पर्याय नाही अशा दुबळ्या माणसाकडून घेतलेली अन्यायी, एकतर्फी अट रद्द ठरू शकते. ते नोकरीतून काढायच्या अटीबद्दल होतं, आणि मालक सरकारी होता. खाजगी मालकापुढं हे तत्त्व उभं करायला वकील लागेल, मेहनत लागेल. तरी ते आहे. बोटीवर राबणाऱ्या लोकांच्या कंपनीतून ते आलंय, म्हणून मला जवळचं वाटतं.

तर ताई, सोमवारी सही करू नकोस. सोमवारी एक पत्र दे. मी मसुदा केलाय, तुझ्या अक्षरात उतरव. 'कोर्स करायची माझी तयारी आहे. खालील दुरुस्त्या करून करार मिळावा. सेवेची मुदत तीन वर्षं. परतफेड प्रत्यक्ष फीपुरती आणि महिन्यागणिक कमी होणारी. नोकरी सोडल्यानंतरची बंदी वगळावी. मूळ कागदपत्रं जमा केली जाणार नाहीत. कोरा चेक दिला जाणार नाही. कोर्स झाल्यावर टेक्निशियनचं पद आणि वेतन यांचा उल्लेख करावा. रजेचा काळ सलग सेवेत धरावा. एका विषयात अनुत्तीर्ण झाल्यास फेरपरीक्षेची एक संधी द्यावी, तोवर वसुली नको.' पत्राची पोच घे.

ते सगळं मान्य करणार नाहीत. मला ठाऊक आहे. पण ते पैसे घालायला तयार झालेत याचा अर्थ त्यांनाही टेक्निशियन हवाय. निम्मं मिळालं तरी हा आजचा कागद राहत नाही. आणि पद-पगाराची ओळ द्यायला त्यांनी साफ नकार दिला, तर समजून जा की त्यांना शिकलेली मदतनीस हवीय, मदतनिसाच्या पगारात. मग साठ हजार आपण दुसरीकडून उभे करू. ते कठीण आहे. पाच वर्षं बांधली जाण्यापेक्षा कमी कठीण आहे.

माझं म्हणाल तर या वर्षी राहिलेल्या पेपरचा अर्ज बावीस दिवस आधी दिला. मामानं पोच द्यायला नाही म्हटलं. मी स्पीड पोस्ट केलं. चार दिवसांनी मामा आला आणि म्हणाला, "अरे, पोस्टानं कशाला पाठवलंस? मी दिली नसती का रजा?"

मी म्हणालो, "दिली असती मामा. आता लिहून द्या."

लिहून दिली. मंगळवार, दुसरी पाळी. पेपर सकाळी होता.

जय भीम.